गुडघ्यातलं ‘ग्रीस’ आणि गादीचे टाके

पारोळ्याकडच्या एक मावशी गेल्या वर्षी चैत्रात दवाखान्यात आल्या. वय ५८, वजन ७८ किलो, निम्मं आयुष्य कापूस वेचण्यात आणि चुलीपुढे बसून भाकरी थापण्यात गेलेलं. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाल्या, “मना गुडघा भलता दुखस. ग्रीस सरी गयं म्हंतस.”

गुडघा पाहिला तर वाटीच्या वरच्या बाजूला चांगली फुगवटी होती. सुई घालून पाणी काढलं, जवळपास २० मिली निघालं: फिकट पिवळं, स्वच्छ आणि दोन बोटांत धरलं तर तार सुटणारं. म्हणजे ज्या गुडघ्यातलं ग्रीस संपलं असं त्यांना कुणी सांगितलं होतं, त्यात ते नेहमीपेक्षा जास्तच होतं. ‘ग्रीस संपलं’, ‘गादी झिजली’ हे शब्द धुळे-जळगावात घरोघरी ऐकू येतात, आणि आम्ही डॉक्टरही घाईत तेच बोलतो. गुडघ्याचा संधिवात हा आजार मात्र तसा नाही. तो कसा आहे हे कळायला वैद्यकालाही अडीचशे वर्षं लागली.

१७४३ मध्ये विल्यम हंटर या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे कूर्चेवर निबंध मांडला. हाडांच्या टोकांवरची ही गुळगुळीत पांढरी गादी एकदा बिघडली की भरून येत नाही, हे निरीक्षण त्यात आहे. ते आजही खरं आहे. पण त्यामुळे कूर्चा म्हणजे निर्जीव टायर, वयानुसार झिजणारच, अशी समजूत पक्की होऊन बसली. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशीही जेमतेम शंभरात एक-दोन भाग. निर्जीव वाटणं साहजिक होतं.

ही समजूत मोडणाऱ्यांत हेलन म्युर या जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. त्यांचा जन्म १९२० चा, नैनितालचा. लंडनच्या केनेडी संस्थेत काम करताना टिम हार्डिंगहॅम यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की कूर्चेतले, प्रथिन आणि शर्करा मिळून बनलेले प्रोटिओग्लायकनचे रेणू सुटे तरंगत नसतात. हायल्युरोनिक आम्लाच्या लांब धाग्यावर ते ओळीने बांधलेले असतात.

हे समजायला आपल्याकडे पिंजारी गादी भरतो ती आठवा. पिंजलेला कापूस फुगू पाहतो. खोळ आणि टाके त्याला आवळून धरतात. या दोघांच्या ओढाताणीतून गादीला घट्टपणा येतो. कूर्चेत कापसाचं काम अॅग्रिकन नावाचा प्रोटिओग्लायकन करतो. बाटली धुण्याच्या ब्रशसारखा त्याचा आकार, आणि ब्रशच्या प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार. त्यामुळे तो पाणी ओढून घेतो. कूर्चेचं ६५ ते ८० टक्के वजन पाण्याचंच असतं. हे पाणी फुगून पसरू नये म्हणून कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी त्याला बांधून ठेवते. हे झाले टाके. पाऊल टाकलं की पाणी थोडं पिळून निघतं, उचललं की परत शिरतं, आणि याच ये-जा करणाऱ्या पाण्यातून तिथल्या पेशींना अन्न मिळतं.

संधिवात सुरू होतो तेव्हा पहिल्यांदा काय होतं? गादी सुकत नाही, उलट फुगते. टाके उसवले की कापूस वर येतो, तसं कोलॅजेनची जाळी सैल होऊन कूर्चेतलं पाणी वाढतं आणि ती मऊ पडते. जाळी कापणारी मुख्य कात्री एमएमपी-१३ नावाचं विकर. अॅग्रिकन कापणाऱ्या कात्र्या एडीएएमटीएस गटातल्या, त्या १९९९ मध्ये हाती लागल्या. आणि या कात्र्या बऱ्याच अंशी कूर्चेच्या स्वतःच्या पेशीच सोडतात. जास्त दाब, जुनी दुखापत, सांध्याच्या अस्तराची सूज आणि अंगावरच्या चरबीतून येणारे दाहाचे संदेश त्यांना चिथावतात. म्हणून हा केवळ झिजण्याचा आजार नाही, पेशींनी चालवलेली मोडतोड आहे.

अॅग्रिकन पेशी पुन्हा बनवू शकतात, बनवतातही. टाके मात्र नाहीत. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत जो किरणोत्सारी कार्बन मिसळला, त्याच्या खुणा शोधून २०१६ मध्ये संशोधकांनी माणसाच्या गुडघ्यातल्या कोलॅजेनचं वय मोजलं. वाढीच्या वयात विणलेली जाळीच आयुष्यभर राहते, नंतर ती जवळपास बदलत नाही, असं निघालं. ‘गादी परत भरून देतो’ म्हणणाऱ्या कुठल्याही पुडीला किंवा गोळीला इथे उत्तर मिळतं. अशाच गोळ्यांतल्या ग्लुकोसामाइनची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली, निकाल २००६ मध्ये आला. एकूण रुग्णांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही.

मग उपचार कशावर? कूर्चेत मज्जातंतूच नाहीत, तर दुखणं येतं ते खालच्या हाडातून, सुजलेल्या अस्तरातून आणि थकलेल्या स्नायूंतून. शस्त्रक्रियेच्या अलीकडची शिडी इथेच उभी राहते.

मावशींना पहिली पायरी दिली मांडीच्या स्नायूंची. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, आणि हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं. दहा-दहाचे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस, निदान बारा आठवडे. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. नाही आलं तर फेरे कमी. चूल ओट्यावर घेतली, शौचालयात कमोडची खुर्ची आली. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे सांगावंच लागतं, कारण दहातले आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात.

त्याच्या बरोबरीने वजन. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो, हे २००५ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. मावशी नऊ महिन्यांत ७२ वर आल्या. म्हणजे दर पावलाला २४ किलो कमी.

दुसरी पायरी लावायच्या जेलची होती, पण मावशींनी ती ओलांडून थेट तिसरी गाठली. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून दिवसातून दोनदा सुरू केल्या. महिना मे, पारा ४४ वर, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. पायावर सूज आली म्हणून तपासलं तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढून १.७. गोळ्या बंद करून तीन आठवड्यांनी ते १.० वर आलं. खानदेशच्या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी आधीच तुटलेलं असताना या दोन औषधांची जोडी मूत्रपिंडाला फार महागात पडते. तेव्हापासून त्यांना फक्त डायक्लोफेनॅकचं जेल, दिवसातून चार वेळा, गुडघ्याभोवती चोळून. रक्तात फार थोडं जातं, गुडघ्याला मात्र पुरतं.

मार्गशीर्षात घरात लग्न निघालं आणि गुडघा पुन्हा सुजला. तेव्हा चौथी पायरी, ४० मिलिग्रॅम ट्रायअॅम्सिनोलोन या स्टेरॉइडचं एक इंजेक्शन. पाच आठवडे छान गेले. नंतर त्या दुसरं मागायला आल्या तेव्हा मी नाही म्हटलं. २०१७ मध्ये छापलेल्या चाचणीत हेच इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिलं गेलं. दुखणं खोट्या इंजेक्शनइतकंच राहिलं आणि कूर्चा मात्र जास्त पातळ झाली. सूज उतरवायला एखादं ठीक, ठरावीक हप्त्यासारखं नको. पीआरपीबद्दलही, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनबद्दलही, त्यांनी विचारलं. २०२१ च्या नेटक्या चाचणीत ते मिठाच्या पाण्याहून वेगळं ठरलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे एका कापसाच्या हंगामाचे पैसे तेवढेच होते.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पाय वाकत जाणं, ही शिडी संपल्याची खूण. मावशींचं तसं नाही. एक्स-रे आम्ही पुन्हा काढला नाही. काढला असता तरी पहिल्यासारखाच दिसला असता. आता त्या पारोळ्याच्या स्टँडवरून घरापर्यंत पायी जातात, काठी उजव्या हातात, दुखरा पाय डावा.