बेटं मोजणे (फ्लड फिल पद्धत)

जमिनीला १ आणि पाण्याला ० धरून केलेल्या चौकटीत एकमेकांना चिकटलेल्या १ चे गट किती, हे शोधायची पद्धत. रांगेने एकेक घर बघत जायचं, न मोजलेलं १ सापडलं की मोजणी एकाने वाढवायची आणि तिथूनच पाणी सोडल्यासारखं शेजाऱ्यांकडे, मग त्यांच्या शेजाऱ्यांकडे पसरत त्या गटातल्या सगळ्या १ चे २ करून टाकायचे, म्हणजे तेच बेट परत मोजलं जात नाही.

उगम: नावावरून ही रंग भरायच्या प्रोग्रॅममधून आली असं बरेच जण धरून चालतात, आणि त्यासाठी ॲल्वी रे स्मिथच्या १९७९ च्या ‘टिंट फिल’ या निबंधाकडे बोट दाखवतात. पण रंग भरताना सुरुवातीचं ठिकाण माणूस क्लिक करून देतो, इथे ते प्रोग्रॅमलाच शोधायचं असतं, आणि मोजणीचा सगळा मुद्दा तिथेच आहे. गटांना क्रमांक देत जायचं काम चित्र-विश्लेषणासाठी रोझेनफेल्ड आणि फाल्ट्झ यांनी १९६६ मध्येच मांडलेलं आहे, तेही न पसरता, ओळीओळीने वाचत. १९७६ मध्ये होशेन आणि कोपेलमन यांनी पदार्थविज्ञानातल्या परकोलेशनसाठी, म्हणजे सच्छिद्र पदार्थातून द्रव झिरपण्यासारख्या गोष्टींच्या अभ्यासासाठी, साधारण त्याच वळणाची रीत दिली. त्यामुळे मोजणीचं मूळ चित्र-विश्लेषणात आणि पसरायची युक्ती रंगकामात, असं म्हणणं जास्त बरोबर वाटतं.

शेजारी कोण: खरा घोळ इथे होतो. ही चौकट घ्या, ओळी आणि स्तंभ ० पासून मोजायचे:

```
1 1 0 0 0 0
1 0 0 1 0 0
0 0 1 0 0 1
0 0 1 0 0 1
1 0 0 0 0 0
```

वर, खाली, डावं, उजवं एवढेच शेजारी धरले तर बेटं ५. तिरके शेजारीही धरले तर ओळ १ मधला (1,3) आणि त्याच्या खाली डावीकडचा (2,2) जुळतात, बेटं ४. यातलं काय बरोबर हे चौकट सांगत नाही, ते आपण ठरवायचं, फक्त एक पथ्य पाळायचं की जमिनीला तिरकं चालत असेल तर पाण्याला तिरकं चालवायचं नाही. त्या कोपऱ्यातून माणूस कोरड्या पायाने पलीकडे गेला तर त्याच कोपऱ्यातून होडी जाऊ शकत नाही ना, दोन्ही एकदम मान्य केलं की तळी आणि बेटं यांचा हिशोब जुळत नाही.

याच चौकटीत आणखी एक गंमत आहे. पायथॉनमध्ये `g` ही चौकट, `R` ओळी, `C` स्तंभ आणि `st` ही अजून बघायच्या घरांची यादी धरली, तर ओळ `a`, स्तंभ `b` मधला शेजारी बघताना अट अशी पाहिजे:

```python
if 0 <= a < R and 0 <= b < C and g[a][b] == 1:
    g[a][b] = 2
    st.append((a, b))
```

`0 <=` विसरलं तर एरर येतच नाही, कारण `g[-1]` म्हणजे शेवटची ओळ, आणि मग वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बेट खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या एकट्या घराला जाऊन चिकटतं. उत्तर ४ येतं! तिरके शेजारी धरल्यावरही ४ च होते, म्हणून नुसता आकडा बघून चूक कळत नाही, प्रत्येक बेटाला वेगळा क्रमांक देऊन चौकट छापली तरच दिसते. २ करायचं तेही यादीत टाकतानाच, बाहेर काढताना नाही, नाहीतर एकच घर दोन-तीनदा यादीत जातं, मोजणी चुकत नाही पण यादी उगाच फुगते.

रिकर्शनने लिहिलं तर दिसायला सुंदर, पण ३०० × ३०० ची सगळी जमीनच असलेली चौकट आली की खोली ९०,००० पर्यंत जाऊ शकते आणि पायथॉनची नेहमीची मर्यादा १००० आहे, तिथे `RecursionError` ठरलेला. म्हणून वरच्यासारखी स्वतःची यादी ठेवलेली बरी.

किनाऱ्यावरचा वापर: कोकणात हे लावलं की पहिला प्रश्न भरती-सुकतीचा येतो. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो, सुकतीला लोक चालत जातात, म्हणजे उंचीच्या नकाशावर १ आणि ० ची रेघ कुठे मारली त्यावर आकडा बदलणार. शेजारचा सर्जेकोट बांधाने कुलाब्याला जोडलेला आहे, तो बांध चौकटीतल्या एका घराच्या मापापेक्षा अरुंद असला तर नकाशात उरेलच असं नाही, मग एकाची दोन बेटं होतात. उलट अरुंद खाडी बुजून गेली तर दोनाचं एक होतं. आणि मुख्य जमीनही चौकटीत एक गटच असते, ती बेट म्हणून मोजली जाते! काठाला टेकलेले गट वगळायचा उपाय सहसा करतात, पण काठावर कापलं गेलेलं खरं बेटही त्यात जातं, म्हणून समुद्राच्या बाजूला चौकट थोडी मोठीच घ्यायची.