सारांश आणि उत्तराचा आराखडा: एकाच प्रकरणाची दोन वेगळी रूपे

वीस पानांचे प्रकरण एका पानावर आणले की दीर्घोत्तरी प्रश्नाची तयारी झाली, असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. सारांश आणि उत्तराचा आराखडा दिसायला सारखेच असल्यामुळे हा समज होतो, कारण दोन्हींत मोजके शब्द असतात आणि मुद्दे एकाखाली एक मांडलेले असतात. फरक आहे तो बांधणीत. सारांश प्रकरणाच्या क्रमाने जातो आणि त्यातले महत्त्वाचे काहीही सुटू नये याची काळजी घेतो. आराखडा प्रश्नाला बांधलेला असतो आणि काय सोडायचे, हे ठरवल्याशिवाय तो तयारच होत नाही.

उदाहरणासाठी फ्रेंच राज्यक्रांतीचे प्रकरण घेऊ. त्याचा बऱ्यापैकी सारांश असा होईल: (१) समाज तीन वर्गांत विभागलेला होता, धर्मगुरू आणि उमराव यांना करांत मोठ्या सवलती होत्या आणि भार तिसऱ्या वर्गावर होता. (२) स्वातंत्र्य आणि समतेचे नवे विचार सुशिक्षितांत पसरले होते. (३) अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील सहभागामुळे कर्ज वाढले. (४) १७८८ मध्ये पीक बुडाले, पाव महागला. (५) राजाने बोलावलेली इस्टेट्स जनरल ही प्रतिनिधिसभा मे १७८९ मध्ये भरली. (६) १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. (७) १४ जुलै रोजी बॅस्तिलचा तुरुंग पडला. (८) ऑगस्टमध्ये सरंजामी हक्क रद्द झाले आणि मानवी हक्कांचा जाहीरनामा आला.

आता प्रश्न असा आला, की ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे स्पष्ट करा’, तर पहिल्या चार ओळी जवळपास जशाच्या तशा उपयोगी पडतात, आणि सारांश म्हणजेच उत्तर ही सवय नेमकी इथे लागते. पण प्रश्न जेव्हा ‘फ्रेंच राज्यक्रांतीचे मूळ आर्थिक संकटात होते; चर्चा करा’ असा येतो, तेव्हा तोच सारांश क्रमाने उतरवला तर परीक्षकाला क्रांतीची हकिकत वाचायला मिळते आणि विचारलेल्या विधानाविषयी एक शब्दही सापडत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाचा आराखडा करताना पहिले काम सारांशाकडे पाहण्याचे नसून स्वतःचे उत्तर एका वाक्यात लिहून ठेवण्याचे असते. समजा ते असे आहे: आर्थिक संकटाने क्रांतीला निमित्त दिले, पण विशेषाधिकारांवर आधारलेली रचना नसती तर त्या संकटातून क्रांती झाली नसती. हे वाक्य हाती आले की सारांशाची प्रत्येक ओळ त्याच्यासमोर धरायची आणि ती विधानाला बळ देते, त्याला मर्यादा घालते की इथे निरुपयोगी आहे, ते समासात लिहायचे. तिसरी आणि चौथी ओळ बळ देतात, पहिली आणि दुसरी मर्यादा घालतात, पाचवी आणि सहावी दोन्ही बाजूंना जोडतात. सातवी ओळ, म्हणजे बॅस्तिल, गळते. ती गाळताना हात अडखळतो, कारण प्रकरणातली सर्वांत लक्षात राहणारी घटना तीच असते. पण क्रांतीचे मूळ कुठे होते या प्रश्नाला ती काहीच उत्तर देत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. सारांश करताना घटना टिकतात आणि त्यांना जोडणारे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे दुवे सर्वांत आधी गळतात. पाचव्या ओळीत राजाने सभा बोलावली एवढेच उरले आहे. ती का बोलवावी लागली, ते गेले. मूळ प्रकरण उघडल्यावर दुवा सापडतो: सर्व जमीनमालकांना लागू होईल असा कर लावण्याची योजना १७८७ मध्ये प्रतिष्ठितांच्या सभेपुढे ठेवली गेली, तिला संमती मिळाली नाही, आणि नव्या करांना मान्यता देण्याचा अधिकार इस्टेट्स जनरललाच आहे असा आग्रह धरला गेला. जी सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती, ती त्यामुळे बोलवावी लागली. तिजोरी रिकामी होती आणि ती भरण्याच्या मार्गात विशेषाधिकार उभे होते, हे या एका दुव्यातून दिसते, आणि सबंध उत्तर त्याच्यावर तोललेले आहे. म्हणून सारांश हाताशी असला तरी आराखडा करताना प्रकरण बंद ठेवू नये, असे मला ठामपणे वाटते.

तयार आराखडा असा दिसेल:

प्रस्तावना: १७८९ पूर्वीची कर्जबाजारी राजसत्ता, विधान अंशतः मान्य, संकट हे निमित्त, मूळ विशेषाधिकारांत.

मुद्दा १: संकट खरे होते. युद्धखर्च, वाढते व्याज. १७८८ चे पीक आणि पावाची महागाई. त्यामुळे सरकार आणि सामान्य माणूस एकाच वेळी कोंडीत.

मुद्दा २: संकट सुटले का नाही? १७८७ ची करयोजना अडली. म्हणून इस्टेट्स जनरल.

मुद्दा ३: पैशाचा प्रश्न सत्तेचा झाला. मतदान वर्गवार की डोईवार, हा वाद. १७ जूनची घोषणा. तिला शब्द पुरवले नव्या विचारांनी.

समारोप: सभेने ऑगस्टमध्ये आधी सरंजामी हक्क रद्द केले, यावरून मूळ कुठे होते ते दिसते.

यात प्रत्येक मुद्दा दाव्याने किंवा प्रश्नाने सुरू होतो, त्यानंतर पुरावा येतो, आणि पुढच्या मुद्द्याकडे नेणारा दुवा असतो. सारांशात दावा नसतो, नुसते विषयाचे नाव असते. ‘आर्थिक परिस्थिती’ हे सारांशातले शीर्षक झाले. ‘संकट खरे होते’ हा उत्तराचा मुद्दा झाला. समारोपातही फरक आहे. सारांश प्रकरणाच्या शेवटच्या घटनेवर थांबतो, तर आराखड्यातला समारोप प्रस्तावनेत घेतलेल्या भूमिकेकडे परत येतो. आठवी ओळ इथे आली आहे ती घटनाक्रम पूर्ण करण्यासाठी नव्हे, भूमिकेचा पुरावा म्हणून.

आपल्या हातात आराखडा आहे की वेष बदललेला सारांश, हे ओळखण्यासाठी मुद्द्यांची अदलाबदल करून पाहावी. दुसरा मुद्दा पहिल्याच्या आधी ठेवला आणि काहीच बिघडले नाही, तर तो सारांश आहे. वरच्या आराखड्यात तसे केले तर करयोजना कशासाठी आली हेच कळेनासे होते. दुसरी खूण म्हणजे प्रश्न झाकून मुद्दे दुसऱ्याला दाखवणे. त्याला केवळ ‘फ्रेंच राज्यक्रांती’ एवढेच ओळखता आले, तर मुद्दे अजून प्रकरणाचेच आहेत, प्रश्नाचे झालेले नाहीत.

हाच सारांश ‘क्रांतीच्या परिणामांचे मूल्यमापन करा’ या प्रश्नासाठी घेतला, तर पहिल्या चार ओळी प्रस्तावनेतल्या एका वाक्यात मावतात आणि सगळा भार आठव्या ओळीवर पडतो. ती एकटी एवढा भार पेलू शकत नाही. त्या प्रश्नासाठी प्रकरणाचा शेवटचा भाग पुन्हा वाचून त्याच ओळीच्या तीन-चार ओळी कराव्या लागतात: कोणाचे कोणते हक्क गेले, जाहीरनाम्यातील समता प्रत्यक्षात कोणापर्यंत पोहोचली, आणि ज्यांना मतदानाचा हक्क मिळाला नाही अशा स्त्रियांसारख्या गटांच्या वाट्याला काय आले.