लेड सब्स्टिट्यूट की ऑक्टेन बूस्टर? जुन्या अ‍ॅम्बेसेडरला नेमकं काय लागतं

जुनी गाडी बाळगणाऱ्यांच्या गप्पांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ‘आता लेडवालं पेट्रोल मिळत नाही, म्हणून टाकीत ऑक्टेन बूस्टर टाकतो,’ असं नागपुरात अनेकांकडून ऐकायला मिळतं. ही गल्लत साधी नाही. बूस्टरवर पैसे जातात, आणि ज्या भागाची झीज थांबवायची असते तो भाग झिजतच राहतो.

गोंधळाचं मूळ शिशातच आहे. 1921 साली जनरल मोटर्समधल्या थॉमस मिजली यांना असं आढळलं की टेट्राइथाइल लेड थोडंसं मिसळलं की पेट्रोल इंजिनात अवेळी भडकत नाही. 1923 पासून ते पेट्रोल विकलं जाऊ लागलं. अवेळी न भडकण्याची ही क्षमता म्हणजे ऑक्टेन, आणि ते वाढवणं हे शिशाचं ठरवून दिलेलं काम होतं. पण जळाल्यावर शिशाच्या क्षारांचा एक पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसायचा. लालबुंद तापलेला व्हॉल्व्ह आणि लोखंडी सीट यांच्यामध्ये तो थर राहायचा, आणि त्यामुळे दोन धातू एकमेकांना चिकटायचे नाहीत. हे दुसरं काम आपोआप होत होतं. भारतात 1995 मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, 1 फेब्रुवारी 2000 पासून ते देशभर लागू झालं, आणि शिशाबरोबर ही दोन्ही कामंही गेली.

पहिलं काम रिफायनरीनं दुसऱ्या मार्गानं भरून काढलं. दुसरं मात्र कोणी भरून काढलं नाही. ऑक्टेन बूस्टर पहिल्या कामासाठी असतो आणि लेड सब्स्टिट्यूट दुसऱ्या. म्हणून बाटली घेण्याआधी आपल्या गाडीत नेमकं काय बिघडतंय ते ओळखावं लागतं.

नॉकिंग ओळखायला सोपं. रामटेकला गडमंदिराच्या चढावर टॉप गिअरमध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबला, बाहेर मे महिन्याचं पंचेचाळीस अंशांचं ऊन आहे, आणि बॉनेटखालून बारीक खडे पत्र्यावर पडावेत तसा आवाज येतो. गिअर खाली घेतला, पाय सैल केला की आवाज थांबतो. सिलिंडरमधलं मिश्रण स्पार्कच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेटतंय, असा त्याचा अर्थ. कारण दरवेळी पेट्रोलच असतं असं नाही. टायमिंग पुढे गेलेलं असणं, डिस्ट्रिब्युटरमधल्या अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या पडणं, पिस्टनवर कार्बन साचणं किंवा कार्बोरेटर कमी पेट्रोल देत असणं, ही कारणं जास्त भेटतात.

आता आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा हिशोब पाहा. 1489 सीसीच्या ओएचव्ही इंजिनच्या अ‍ॅम्बेसेडरचं कॉम्प्रेशन कमी, साधारण 7.2 ला 1. ती गाडी ज्या काळात बनली, तेव्हाच्या इथल्या पेट्रोलचं ऑक्टेन आजच्यापेक्षा बरंच कमी असे. अलीकडे पंपावर मिळणारं साधं पेट्रोल 91 ऑक्टेनचं होतं, आणि आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल 95 चं मानलं जातं. म्हणजे अशा इंजिनला जेवढं लागतं त्याहून जास्त ऑक्टेन आधीच टाकीत आहे. वरून बूस्टर टाकल्यानं गाडी जोरात पळत नाही. नऊ किंवा त्याहून जास्त कॉम्प्रेशनची परदेशी स्पोर्ट्स गाडी असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथेही आधी टायमिंग तपासावं.

सीट झिजण्याचा प्रकार अगदी उलटा. तो ऐकू येत नाही, उलट आवाज कमी होतो. व्हॉल्व्ह सीटवर आपटून बंद होतो, तेव्हा तापलेल्या लोखंडाचे सूक्ष्म कण त्याला चिकटतात आणि पुढच्या उघडण्यात ओढून निघतात. सीट हळूहळू खोल जाते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. त्याच्या दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं, आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. नेहमीची टिकटिक मंदावते. मालक खूश होतो की इंजिन किती गुळगुळीत चाललंय. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही, त्या फटीतून जळता गॅस निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग सकाळी गाडी उशिरा चालू होते, आयडलला मिस मारते, सायलेन्सरमधून फटफट ऐकू येते.

ही झीज थोड्या वेळच्या चढावर फारशी होत नाही, सपाट रस्त्यावर सलग वेगानं होते. सिव्हिल लाइन्स ते सीताबर्डी अशा फेऱ्यांत सीट तेवढी तापतच नाही. पण समृद्धी महामार्गावर तासभर पाय तसाच दाबून धरला, इंजिन तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या वर राहिलं, की नेमकी तीच परिस्थिती तयार होते. रामटेकचा चढ आणि समृद्धी, दोन रस्ते, दोन वेगळे आजार.

धरमपेठेतल्या एका काकांची साठच्या दशकातली अ‍ॅम्बेसेडर हे याचं चांगलं उदाहरण. गाडी चढावर खडखडायची आणि थंड असताना मिस मारायची. काका ऑक्टेन बूस्टर टाकत होते, फरक पडत नव्हता. माझ्यासमोर मेकॅनिक भाऊंनी टॅपेट कव्हर काढलं आणि इंजिन गरम असतानाच फिलर गेज लावला. या इंजिनचा ठरलेला गॅप 15 थाउ. 15 थाउ म्हणजे इंचाचे पंधरा सहस्रांश, 0.38 मिलिमीटर. इनलेटच्या चारही व्हॉल्व्हना 15 किंवा 14 मिळाले. एक्झॉस्टला पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरवर 12, तिसऱ्यावर 5, आणि दुसऱ्यावर 2 थाउचं पानसुद्धा आत शिरेना.

हा नमुना ओळखीचा आहे. या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट मधल्या एकाच पोर्टमधून बाहेर पडतो, म्हणून मधला भाग सगळ्यात जास्त तापतो. इनलेट ठीक आणि एक्झॉस्टचे मधले दोन आखडलेले, असं दिसलं की सीट झिजतेय असं समजायला हरकत नाही. फक्त सेटिंगच हललं असतं तर इनलेटचे आकडेही इकडेतिकडे झाले असते.

मग कॉम्प्रेशन गेज लावला. तीन सिलिंडर 115 ते 120 पीएसआय, दुसरा 70. दुसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा पाहिलं, आकडा जवळपास तोच. रिंगा गेल्या असत्या तर ऑइलमुळे आकडा वर चढला असता. म्हणजे गळती व्हॉल्व्हमधूनच. गॅप 15 वर आणल्यावर आकडा शंभरापर्यंत आला, पण बाकी तिघांना गाठू शकला नाही, कारण व्हॉल्व्हची कड आधीच जळली होती. चढावरच्या खडखडाटाचं कारण वेगळंच निघालं. टायमिंग पुढे होतं. मॅन्युअलप्रमाणे मागे घेतल्यावर आवाज गेला, त्याच पेट्रोलवर.

आता लेड सब्स्टिट्यूट इथे काय करू शकला असता? झिजलेलं लोखंड तो परत आणत नाही. त्यातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीज जळून सीटवर शिशासारखाच थर बसवतं आणि पुढची झीज कमी करतं, एवढंच. ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या महासंघानं नव्वदच्या दशकाच्या शेवटी अशा द्रव्यांच्या इंजिनावर चाचण्या करून घेतल्या होत्या, आणि त्यातली मोजकीच पास झाली. म्हणून लेबलवर ‘लेड रिप्लेसमेंट’ लिहिलंय एवढ्यावर विसंबू नये, आत कोणतं द्रव्य आहे ते पाहावं. मँगनीजवालं द्रव्य थोडं ऑक्टेनही वाढवतं, आणि गोंधळात भर इथूनच पडते. ते वापरलं की प्लगवर तांबूस थर दिसतो, तो पाहून घाबरू नका.

वापरायचं ठरलं तर पंपावर पेट्रोल भरण्याआधी टाकीत टाका, म्हणजे भरताना नीट मिसळतं. मात्रा लेबलवर दिलेली तेवढीच. दुप्पट टाकल्यानं दुप्पट संरक्षण मिळत नाही, प्लग आणि ज्वलनकक्षात साका वाढतो. आणि एका प्रकारचं द्रव्य संपण्याआधी दुसऱ्या प्रकारचं त्यात मिसळू नका, विशेषतः फॉस्फरसवालं इतरांबरोबर नकोच.

काकांच्या गाडीत हेड उतरवावंच लागणार होतं, म्हणून त्यांनी एक्झॉस्टच्या चारही सीटवर कडक धातूच्या रिंगा बसवून घेतल्या. हे काम लेथवाल्यानं जपून करायचं असतं. खाच खोल गेली तर ती पाण्याच्या जॅकेटला जाऊन भिडते, आणि रिंग ढिली बसली तर चालत्या इंजिनात सुटते. नीट बसल्या तर त्या गाडीला पुन्हा लेड सब्स्टिट्यूटची गरज उरत नाही. पद्मिनीसारखं अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर त्यात सीट रिंगा मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात, कारण अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह थेट बसवताच येत नाही. तिथे काळजी बरीच कमी, पण रिंगेचा धातू किती कडक आहे यावर ती अवलंबून.

हेड उघडायचं कारण नसलेल्या गाडीसाठी मात्र मी लगेच बाटली घ्या म्हणणार नाही. शिशाच्या काळात चाललेल्या इंजिनात जुना थर काही काळ टिकून राहतो. आणि गाडी फक्त रविवारी, प्रदर्शनाला किंवा रॅलीला निघत असेल, तर सीट तापायची वेळच कमी येते. टॅपेट सेट करा, आकडे वहीत लिहा, हजार किलोमीटरनं पुन्हा मोजा. एक्झॉस्टचा गॅप एखाद्या थाउनं कमी झाला असेल तर तसंच चालू द्या. तीन-चार थाउ गेले असतील, आणि महामार्गावर जायचंच असेल, तर लेड सब्स्टिट्यूट सुरू करा आणि पुढच्या हजार किलोमीटरनं आकडे पुन्हा पाहा. गॅप तरीही त्याच वेगानं घटत राहिला, तर त्या द्रव्याचा उपयोग होत नाही आणि हेडचं काम पुढे ढकलू नये.

इथेनॉलचा प्रश्न या दोन्हींपेक्षा निराळा आहे. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम फुगतो, मिश्रण पातळ होतं, आणि पातळ मिश्रणानं एक्झॉस्टची बाजू आणखी तापू शकते. साध्या लेड सब्स्टिट्यूटनं रबर वाचत नाही आणि मिश्रणही सुधारत नाही. त्यासाठी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्या लागतात आणि जेट थोडा मोठा करावा लागतो.