इफ्तारच्या ताटात माणशी किती खजूर? घरच्या हिशेबामागची पार्श्वभूमी

रोजा सोडताना आधी ताजे खजूर, ते नसतील तर सुके, तेही नसतील तर पाण्याचे घोट, हा क्रम हदीसमधून आला आहे. मुंबईच्या घरांना शतकभरापूर्वी यातला मधला पर्यायच परवडत असे. बसऱ्याचा खजूर गलबतांतून बंदरात उतरायचा, दाबून भरलेला, एकमेकाला चिकटलेला. १९८० ते १९८८ च्या इराण-इराक युद्धात बसऱ्याकडच्या खजुराच्या बागांची धूळधाण झाली. पुढे शीतगृहं आली आणि इराणच्या बम भागातला मऊ, काळसर मजाफती खजूर डब्यांतून घराघरात पोचला. उमरा करून येणारे मदिनेचा अजवा आणू लागले, आणि आता मॉलमध्ये मेडजूलही मांडलेला असतो. पूर्वी यजमान फक्त किलोत विचार करायचे. आता जात आधी ठरवावी लागते.

खरा वाद मात्र संख्येचा. पाहुण्याच्या ताटलीत तीन खजूर ठेवायचे, कारण विषम संख्या सुन्नत, असं बहुतेक घरांत सांगितलं जातं. विषम संख्येचा स्पष्ट उल्लेख ईद-उल-फित्रच्या सकाळी, नमाजला निघण्याआधी खाल्लेल्या खजुरांबद्दल आहे. इफ्तारला तो नियम लावावा की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. काही जण म्हणतात, विषमाची आवड सगळीकडेच लागू होते. काही म्हणतात, जिथे सांगितलं नाही तिथे बंधन कशाला. सवयीपुढे हा वाद फार टिकत नाही, तीनचा आकडा पक्का बसला आहे. अडचण अशी की तो छोट्या खजुरांवर ठरलेला आहे. अजवा साधारण सात-आठ ग्रॅमचा, मजाफती दहा-अकराचा, पण चांगला मेडजूल वीस ग्रॅमच्या वर जातो. तीन मेडजूल खाल्ले की भजी आणि फळं दोन्ही ताटलीत उरतात. मेडजूल आणलाच तर माणशी एक ठेवावा. विषम तोही आहेच.

वीस पाहुण्यांचा हिशेब मांडू. मजाफतीच्या साधारण ६०० ग्रॅमच्या डब्यात पन्नास-साठ खजूर निघतात. माणशी तीन धरले तर एक डबा काठावर पुरतो, म्हणून दोन आणावेत. उरलेला डबा फ्रिजमध्ये काही आठवडे टिकतो. उन्हाळ्यात ओट्यावर राहिला तर आंबट वास येतो, तो आला की टाकून द्यावा. डबा उघडल्यावर एक-दोन खजूर फोडून बघावेत, कारण कीड आत असते, वरून दिसत नाही.

फळांचं प्रमाण नमाजवर ठरतं, हे नवख्या यजमानांच्या लक्षात येत नाही. अजान आणि मगरिबची नमाज यांच्यामध्ये जेमतेम दहा मिनिटं मिळतात, खरं जेवण नंतर असतं. त्यामुळे माणशी दीडशे ग्रॅम कापलेलं फळ पुष्कळ झालं, म्हणजे वीस जणांना तीन किलो. त्यासाठी अडीच किलोचं कलिंगड (सालीसकट, हाती दीड किलो येईल), एक किलोची पपई, अर्धा किलो द्राक्षं आणि सहा केळी. कलिंगड वेगळ्याच भांड्यात ठेवावं, नाहीतर त्याचं पाणी सुटून सगळं फ्रूट चाट गिळगिळीत होतं. मीठ-मसाला आणि केळी अजानच्या पंधरा मिनिटं आधी, त्यापूर्वी नाही.

पेयांत गुलाबी वासाच्या लाल सरबताने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते दिल्लीच्या एका युनानी दवाखान्यात उन्हाळ्यावरचं औषधी पेय म्हणून तयार झालं. रमजानशी त्याचा संबंध नंतर जुळला. दुधात की पाण्यात, यावर घरं आजही विभागलेली आहेत. माझं मत पाण्याला, लिंबू आणि सब्जा घालून, कारण रिकाम्या पोटी गोड दूध जड जातं. दुधातल्या सरबतात लिंबू अर्थातच नको. २०० मिलीचा पेला आणि माणशी दीड पेला धरला तर सहा लिटर सरबत लागतं. पेल्याला २५ मिली पाक पुरतो, म्हणजे ७५० मिलीची एक बाटली बरोबर संपते. पाहुणे पहिला पेला अजानला पितात, दुसरा नमाजनंतर. म्हणून सगळ्यात बर्फ एकदम घालू नये, उरलेलं पाणचट होतं. साधं पाणी माणशी अर्धा लिटर वेगळं.

फळांची यादी मात्र कायमची नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१६ चा जूनमध्ये होता, तेव्हा ताटात शेवटचे आंबे होते. २०२३ ते २०२५ या वर्षांत तो मार्चमध्ये सुरू झाला, म्हणून कलिंगड आणि द्राक्षं. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरअखेर. तेव्हा कलिंगडाची जागा पेरू आणि संत्री घेतील, आणि सरबताचे सहा लिटर बहुधा जास्त होतील.