मध्यमान प्रमेयाने असमानता सिद्ध करणे

कोल्हापूरहून पन्हाळा सुमारे 20 किलोमीटर. हे अंतर कुणी मोटरसायकलने अर्ध्या तासात कापले, तर सरासरी वेग ताशी 40 भरतो आणि वाटेत कुठल्या तरी क्षणी काटा नेमका 40 वर आलेलाच असतो. लाग्रांजचे मध्यमान प्रमेय, कॉलेजच्या वर्गातले ‘मीन व्हॅल्यू थिअरम’, हेच सांगते: f हे फलन [a, b] वर संतत असेल आणि (a, b) मध्ये त्याचा अवकलज असेल, तर आत असा एक c सापडतो की

f(b) − f(a) = f′(c)(b − a)

तो क्षण घाटात आला की त्याआधीच, हे प्रमेय सांगत नाही. असमानता सिद्ध करताना ते कळण्याची गरजही नसते. c दोन टोकांच्या मध्ये आहे एवढ्यावरून f′(c) ला वरून आणि खालून बांध घालता येतो, आणि सगळी पद्धत या बांधावर उभी आहे.

x > 0 असताना x/(1+x) < ln(1+x) < x हे दाखवायचे आहे. [1, 1+x] वर f(t) = ln t घेऊ. f′(t) = 1/t आणि ln 1 = 0, म्हणून ln(1+x) = x/c. आता 1 < c < 1+x असल्याने 1/c हा 1/(1+x) आणि 1 यांच्या मध्ये पडतो. x ने गुणले की सिद्धता झाली. x = 0.1 घातल्यास ln 1.1 हा 0.0909 आणि 0.1 यांच्यात येतो. खरी किंमत 0.0953 आहे.

−1 < x < 0 असताना मात्र पुष्कळांचा हात अडखळतो. आता अंतराल [1+x, 1] होते, त्यामुळे 1/c > 1. पण x ऋण असल्याने गुणताना चिन्ह उलटते, आणि शेवटी असमानता तीच राहते. इथे दोन पलट्या आहेत. त्यातली एकच लक्षात ठेवली की उत्तर उलटे येते. x = −0.5 घालून लगेच पडताळावे: −1 < −0.693 < −0.5.

फलन वर्धिष्णू आहे हे दाखवायलाही हेच समीकरण पुरते. अंतरालात सर्वत्र f′ > 0 असेल, तर कोणत्याही a < b साठी उजवी बाजू धन, म्हणून f(b) > f(a). यात ‘अंतराल’ हा शब्द कधीच गाळू नये. −1/x चा अवकलज 1/x² हा x = 0 सोडून सगळीकडे धन आहे, तरी x = −1 ला किंमत 1 आणि x = 1 ला −1. मधल्या शून्यापाशी फलनच नाही, त्यामुळे [−1, 1] वर प्रमेय लागूच होत नाही. शून्याच्या डावीकडे ते वर्धिष्णू आहे आणि उजवीकडेही, पण दोन्ही मिळून नाही.