डोंगरामागची लाट आणि तिच्या पोटातला भोवरा

विमानाला जोराचे हादरे बसून काही प्रवासी जखमी झाले, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘विमान एअर पॉकेटमध्ये सापडले’ हे वाक्य हमखास वाचायला मिळते. ते वाचताना आकाशात कुठेतरी हवाच नसलेला एक खड्डा आहे आणि विमान त्यात पडले, असे चित्र मनात उभे राहते. वातावरणात असा खड्डा नसतो. क्षणभर पोकळी निर्माण झालीच, तर भोवतालची हवा ती लगेच भरून टाकते. विमान एकाएकी खाली जाते, कारण ज्या हवेतून ते चाललेले असते ती हवाच खाली निघालेली असते. हवा अशी खाली निघण्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी डोंगरामुळे घडणारे कारण मला सर्वांत विलक्षण वाटते, आणि त्याचा छोटा नमुना कोकणातल्या प्रत्येकाने पावसाळ्यात व्हाळाच्या काठी उभे राहून पाहिलेला असतो.

भरलेल्या व्हाळात एखादा मोठा धोंडा पाण्याखाली बुडालेला असेल, तर पाण्याचा फुगवटा धोंड्यावर दिसत नाही. पाणी धोंड्यावरून घसरते, वेग घेते आणि थोडे पुढे गेल्यावर उसळून वर येते. त्यापुढे आणखी दोनतीन लहान लाटा एकामागून एक उभ्या असतात. पाणी सतत पुढे जात असते, पण लाट तासन्‌तास त्याच जागी राहते. धोंडा उंच आणि उतार तीव्र असेल, तर पहिल्या उसळीच्या तळाशी पाणी चक्क उलटे, धोंड्याच्या दिशेने वाहू लागते. वाहत आलेले नारळाचे सोडण तिथे अडकले, की ते पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही; जागच्या जागी घोळत राहते. वारा डोंगररांग ओलांडतो तेव्हा पलीकडच्या बाजूला हेच दोन्ही प्रकार घडतात. वर गुळगुळीत, जागच्या जागी उभी असलेली लाट असते आणि तिच्या पोटात तो घोळणारा भोवरा, ज्याला वैमानिक रोटर म्हणतात.

पाण्याला वर पृष्ठभाग असतो, पण हवेला तसा नसतो. मग हवेत लाट उठते कशी? उत्तर तापमानात आहे. कोरडी हवा वर चढली की पसरते आणि दर किलोमीटरला सुमारे 9.8 अंश सेल्सिअसने थंड होते. भोवतालचे वातावरण मात्र सरासरीने दर किलोमीटरला सुमारे 6.5 अंशांनीच थंड होत जाते. त्यामुळे डोंगराने वर ढकललेली हवा एक किलोमीटर चढेपर्यंत आपल्या शेजाऱ्यांपेक्षा तीनसव्वातीन अंशांनी गार, म्हणजेच जड झालेली असते आणि डोंगर संपताच खाली येऊ लागते. खाली येताना ती आपली मूळ पातळी ओलांडून आणखी खाली जाते. तिथे ती शेजाऱ्यांपेक्षा उबदार आणि हलकी ठरते, म्हणून पुन्हा वर निघते. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखे हे आंदोलन चालते. वर दिलेल्या आकड्यांवरून हिशेब केला, तर एका पूर्ण आंदोलनाला जवळपास दहा मिनिटे, म्हणजे 600 सेकंद लागतात.

हवा वरखाली होत असताना वारा तिला पुढेही नेत असतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला 20 मीटर असेल, तर 600 सेकंदांत ती 12 किलोमीटर पुढे जाते, म्हणून लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर 12 किलोमीटर होते. वेग निम्मा असेल तर अंतरही निम्मे, म्हणजे 6 किलोमीटर. समजा, हवा मूळ पातळीपासून 300 मीटर वर आणि 300 मीटर खाली झुलते आहे. मग तिचा वर किंवा खाली जाण्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे 3 मीटर येतो. प्रशिक्षणाच्या लहान विमानाची वर चढण्याची क्षमताही जवळपास एवढीच असते. म्हणजे अशा लाटेच्या उतरत्या भागात इंजिन पूर्ण जोराने चालवूनही ते विमान जेमतेम आपली उंची राखू शकेल, आणि मोठ्या पर्वतांमागे तर हा वेग याच्या कितीतरी पट होतो.

लाटेतली ही हवा अत्यंत शांत असते. विमान हलत नाही, पेल्यातले पाणीसुद्धा डचमळत नाही, आणि वैमानिकाची पहिली अडचण नेमकी हीच आहे. स्वयंचलित यंत्रणेला उंची कायम ठेवण्याची सूचना दिलेली असेल, तर चढत्या हवेत ती विमानाचे नाक खाली करते आणि वेग वाढत जातो. उतरत्या हवेत नाक वर करते आणि वेग घटत जातो. उंची दाखवणारा काटा स्थिर राहतो, हादरा एकही बसत नाही, आणि वेगाकडे लक्ष नसेल तर विमान पंखांचा आधार सुटण्याच्या मर्यादेपर्यंत मंदावलेले असते. वाऱ्याच्या उलट्या दिशेने डोंगराकडे येणाऱ्या लहान विमानाला तर समोरचा वारा आणि खाली ओढणारी हवा एकदमच भेटतात. म्हणून रांग तिरकी, साधारण 45 अंशांच्या कोनात गाठावी, म्हणजे गरज पडल्यास थोडे वळूनही मोकळ्या बाजूला निसटता येते, असे वैमानिकांना शिकवतात.

आता भोवऱ्याकडे येऊ. लाटेच्या खोलगट भागाखाली जमिनीलगतचा वारा जोरात असतो आणि तिथला दाब कमी असतो. लाटेच्या माथ्याखाली वारा मंदावतो आणि दाब वाढतो. म्हणजे उतारावरून धावत आलेल्या हवेला पुढे कमी दाबाकडून जास्त दाबाकडे, जणू चढावर, जायचे असते. वरच्या थरातल्या हवेजवळ तेवढा जोर असतो. पण अगदी जमिनीला लागून असलेली हवा झाडे, खडक आणि माती यांच्या घर्षणाने आधीच दमलेली असते. तिला तो चढ झेपत नाही. ती थांबते आणि मागे वळते. खाली उलटा वारा, वर सुलटा वारा, आणि या दोहोंच्या मधला पातळ थर जमिनीपासून सुटून वर उचलला जातो. संपूर्ण रोटर म्हणजे या थराखाली डोंगराला समांतर पसरलेले एक लांबलचक आडवे वेटोळे होय. डोंगराकडच्या बाजूला त्यातली हवा वर जाते आणि पलीकडच्या बाजूला खाली येते.

पण खरा घातक भाग हे मोठे वेटोळे नव्हे. तो मधला पातळ थर फार काळ सलग राहू शकत नाही. तो फाटतो, गुंडाळला जातो आणि त्याचे लहान, जोरकस भोवरे बनून मोठ्या वेटोळ्याच्या डोंगराकडच्या कडेवरून वर फेकले जातात. लाटेत हवा चढतीकडून उतरतीकडे जायला सहा किलोमीटर घेते. या लहान भोवऱ्यांत तोच बदल शंभरदोनशे मीटरांत होतो. सेकंदाला 70 मीटर वेगाने जाणारे विमान एवढे अंतर दोनतीन सेकंदांत कापते. चढत्या हवेला सावरण्यासाठी वैमानिकाने नाक खाली केले, की तेवढ्यात उतरती हवा सुरू झालेली असते.

अमेरिकेतील सिएरा नेवाडा पर्वतरांगेमागे 1950 च्या दशकात याचा प्रत्यक्ष अभ्यास झाला. त्या रांगेचा नकाशा पाहताना सह्याद्री आरशात पाहिल्यासारखा वाटतो. सह्याद्री देशाकडून हळूहळू चढतो आणि पश्चिमेला कोकणात कड्यांनी कोसळतो. सिएरा पश्चिमेकडून हळूहळू चढते आणि पूर्वेला ओवेन्स दरीत कोसळते. फरक मापाचा आहे, कारण तिथली उतरण काही ठिकाणी 3000 मीटरांची आहे. लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लिफोर्थ यांनी 19 मार्च 1952 रोजी इथल्या लाटेवर स्वार होऊन दोन आसनी ग्लायडर, कोणत्याही इंजिनाशिवाय, 44,255 फुटांपर्यंत नेले होते. त्याच एडगर यांना 25 एप्रिल 1955 रोजी याच दरीवर रोटरने गाठले. ग्लायडर इतक्या जोराने फेकले गेले, की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधार पसरला, ग्लायडरचे तुकडे झाले आणि ते बाहेर पडले. पॅराशूटमुळे ते वाचले. लाटेची इतकी जाण असलेल्या माणसाला तिच्या तळाशी हा अनुभव यावा, यातच वरची हवा आणि खालची हवा किती भिन्न असते ते दिसते.

ढग दिसला की धोका कळतो, हेही नेहमी खरे नसते. हवा कोरडी असेल तर लाट आणि भोवरा दोन्ही अदृश्य राहतात. 5 मार्च 1966 रोजी टोकियोहून हाँगकाँगला निघालेले बोइंग 707 विमान स्वच्छ आकाशात, 3776 मीटर उंच फुजी पर्वताच्या वाऱ्याआडच्या बाजूला मोडून पडले आणि त्यातील सर्व 124 जण मरण पावले. प्रवासी विमानाची रचना साधारणपणे गुरुत्वाच्या अडीचपट भार नेहमीसाठी आणि त्याच्या दीडपट, म्हणजे पावणेचारपट, शेवटची मर्यादा म्हणून धरून केलेली असते. अपघातानंतर शोधासाठी त्या भागात गेलेल्या अमेरिकी नौदलाच्या विमानातील मापकाने अधिक 9 ते उणे 4 इतके भार नोंदवले.

मग कोकणात असे काही घडते का? पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, त्यामुळे कोकण वाऱ्याच्या पुढ्यात असते आणि लाटांची बाजू घाटमाथ्याच्या पूर्वेला, देशावर पडते. शिवाय त्या हवेत बाष्प भरपूर असते. ढग बनताना बाष्पातून उष्णता बाहेर पडते, वर चढणारी हवा फारशी गार होत नाही आणि स्प्रिंगच ढिली पडते. कोकणची बाजू वाऱ्याआड येते ती हिवाळ्यात, जेव्हा पूर्वेचे व ईशान्येचे वारे घाट उतरतात आणि पहाटेचे मतलई वारे त्यांना साथ देतात. रात्री थंड झालेल्या हवेची स्प्रिंग चांगली घट्टही असते. परंतु हे वारे बहुधा मंद असतात. लाटांचा विचार करायला लागतो तो माथ्यावर, रांगेला जवळपास काटकोनात, सुमारे 20 नॉट म्हणजे सेकंदाला 10 मीटर वारा असला तर. आणखी एक अडसर आहे. हिवाळ्यात काही किलोमीटर उंचीवर वारा पश्चिमेचा होतो. म्हणजे मधे कुठेतरी वाऱ्याचा आडवा वेग शून्य असलेली एक पातळी येते, आणि जागच्या जागी उभी राहणारी लाट ती पातळी ओलांडू शकत नाही. त्यामुळे इथे सिएरासारखे राक्षसी रोटर अपेक्षित नाहीत. तरीही घाटाच्या पायथ्याशी कमी उंचीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला किंवा लहान विमानाला लहान भोवरासुद्धा पुरेसा असतो, कारण खाली सावरायला जागाच नसते.

हवेत पुरेसे बाष्प असेल तर ही सारी रचना ढगांतून दिसते. रांगेच्या माथ्यावर टोपीसारखा ढग बसतो, उंचावर लाटेच्या माथ्यात मसुराच्या डाळीच्या आकाराचे गुळगुळीत ढग उभे राहतात, आणि त्यांच्या खाली साधारण माथ्याच्या उंचीवर रोटरचा ढग असतो. मसुरासारख्या ढगांची छायाचित्रे उडत्या तबकड्या म्हणून आजही फिरवली जातात. तो ढग वाऱ्यात स्थिर का राहतो हे व्हाळातली लाट पाहिलेल्याला सांगावे लागत नाही: पाण्याप्रमाणेच हवा त्याच्यातून वाहत असते, एका कडेला बाष्पाचे थेंब होतात आणि दुसऱ्या कडेला ते विरून जातात.

रोटरचा ढग मात्र फसवा आहे. लांबून तो कापसाच्या साध्या पुंजक्यांसारखा, फाटक्या कडांचा दिसतो. ओळखायचा असेल तर माडाच्या खोडाशी उभे राहून खोडाची एक कड खूण म्हणून धरावी आणि पाचदहा मिनिटे त्याच्याकडे पाहावे. साधा ढग वाऱ्याबरोबर खोडाआड निघून जातो. रोटरचा ढग तिथेच राहतो. त्याच्या वरच्या अंगाचे तुकडे डोंगरापासून दूर, समुद्राच्या दिशेने सरकताना दिसतात आणि खालच्या अंगाचे तुकडे उलटे डोंगराकडे.