@ दाबला की " येतो: बिघाड कीबोर्डचा की सेटिंगचा?

इंग्लंडहून कुणीतरी वापरलेला लॅपटॉप आणून देतं, बडोद्यात त्यावर नव्याने विंडोज चढवलं जातं, आणि मग ईमेलचा पत्ता लिहिताना @ दाबला की " उमटतो. £ दाबला तर #. कीबोर्ड गेला म्हणून लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याआधी एक गोष्ट पाहावी: # छापलेली कळ आणि डाव्या Shift च्या शेजारची \ ची कळ, दोन्ही दाबल्यावर \ च येतो का? येत असेल तर कीबोर्ड ठणठणीत आहे.

कळ दाबली की लॅपटॉपच्या आतून अक्षर जात नाही, त्या जागेचा क्रमांक जातो. त्या क्रमांकाला कोणतं अक्षर लावायचं हे विंडोजमधला लेआउट ठरवतो. कळांवरची छपाई ब्रिटिश आणि लेआउट अमेरिकी असला की चिन्हांची अशी अदलाबदल होते. उपाय दोन मिनिटांचा आहे. Settings मध्ये Time & language, तिथे Language & region उघडा. English समोरच्या तीन ठिपक्यांतून Language options मध्ये जा आणि Add a keyboard मधून United Kingdom निवडा. जुना US काढून टाका. तो राहिला तर Win आणि Space एकत्र दाबले जाऊन पुन्हा चालू होतो.

बडोद्यातल्या मराठी घरांत हा घोळ आणखी एका वाटेने येतो. एकाच लॅपटॉपवर इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तिन्ही लेआउट असतात. इन्स्क्रिप्टमध्ये K च्या कळेवर मराठीत क येतो आणि गुजरातीतही त्याच जागी गुजराती क येतो. अक्षर भलत्याच लिपीत उमटत असेल तर टास्कबारच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते आधी पाहावं. लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड नाकारला जात असेल तरी हीच शंका घ्यावी. डोळ्याचं चिन्ह दाबून खरोखर काय टाइप झालंय ते दिसतं.

लेआउटच्या चुकीची खूण म्हणजे ती कधी बदलत नाही. तीच कळ दर वेळी तेच चुकीचं अक्षर देते. कधी येणं, कधी न येणं, दोनदा येणं, एका कळेवर दोन अक्षरं येणं हे लेआउटचं काम नव्हे.

कळा दुर्लक्षित होत असतील तर मात्र एक सेटिंग तपासायलाच हवं: Filter Keys. उजवा Shift आठ सेकंद दाबून धरला की ते सुरू करायचं का असं विचारलं जातं, आणि न वाचता होकार दिला की झटकन दाबलेल्या कळा विंडोज सोडून देतो. Settings मध्ये Accessibility, मग Keyboard, तिथे ते बंद होतं.

तरीही फरक पडला नाही, तर Win, Ctrl आणि O एकत्र दाबून पडद्यावरचा कीबोर्ड उघडा (ते न जमल्यास माउसने Accessibility मधून) आणि खऱ्या कळा एकेक दाबा. योग्य जागेची कळ उजळली पण अक्षर चुकलं, तर दोष लेआउटचा. काहीच उजळलं नाही, तर सिग्नल पोहोचतच नाही. दोन उजळल्या, तर आत तारा जुळल्यात. साधा यूएसबी कीबोर्ड लावून, त्यावरची छपाई न पाहता त्याच जागेच्या कळा दाबूनही पडताळा घ्यावा: तोही तसाच चुकला तर सेटिंग, तो बिनचूक चालला तर लॅपटॉपचा कीबोर्ड.

तारा जुळतात म्हणजे काय, हे थोडं खोलात पाहण्यासारखं आहे. प्रत्येक कळेला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते. ८ आणि १६ धरल्या तर २४ रेषांत १२८ जागा बसतात. कळ दाबली की एक आडवी आणि एक उभी रेष एकमेकींना टेकते. त्यामुळे एक रेष तुटली की त्या रेषेवरच्या साऱ्या कळा एकदम मरतात, आणि त्या शेजारी-शेजारी असतातच असं नाही. चार-सहा कळा एकाच दिवशी गेल्या तर कळांखाली कचरा शोधण्यात अर्थ नाही. एखादीच कळ अडत असेल तर मात्र तिथे खरंच कचरा असू शकतो.

या रेषा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर चांदीमिश्रित शाईने छापलेल्या असतात. चहा सांडला की पाणी सुकतं, साखर राहते, आणि पावसाळ्यात ती ओल धरून दोन रेषांमध्ये गळती करते. म्हणून दमट सकाळी एका कळेवर दोन अक्षरं येतात आणि लॅपटॉप तापला की काही वेळ सारं सुरळीत दिसतं. या सुरळीतपणावर विश्वास ठेवू नये. शाई आतून झिजत असते.

Ctrl किंवा Win ची कळच अशी दाबलेली राहिली, तर अक्षरं उमटण्याऐवजी खिडक्या उघडू-मिटू लागतात, आणि लोक व्हायरस शोधत बसतात.

दुकानात आधी एवढंच करायला सांगावं: बॅटरी सोडवून कीबोर्डची रिबन, म्हणजे चपटी केबल, काढून नीट परत बसवणं. पडल्या-आपटल्यावर ती सैल होते आणि तेव्हाही कळांचा एक गटच जातो. त्याने न सुधारल्यास कीबोर्ड बदलावा लागतो. ते पत्रे चिकटवलेले असल्याने उघडून पुसणं सहसा टिकत नाही. काही लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या कव्हरला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी पक्का असतो, तेव्हा नुसता कीबोर्ड घालणार की कव्हरसकट, हे दर ठरवण्याआधी विचारून घ्यावं. आणि कीबोर्ड मधोमध फुगलेला दिसला तर लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका: खाली बॅटरी फुगलेली असू शकते, आणि तेव्हा आधी ती बदलायची असते.